शेतकरी मेळाव्यात प्रश्नोत्तरं सांभाळताना: एकच जण बोलत राहिला तर काय करायचं

गावात कृषी विज्ञान केंद्राचे शास्त्रज्ञ आले, भाषण झालं आणि सूत्रसंचालकाने ‘आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा’ असं म्हटलं की पुढचा अर्धा तास बहुतेक ठिकाणी सारखाच जातो. पुढच्या रांगेतले एक अनुभवी शेतकरी उठतात आणि आपल्या रानाची हकिगत सुरुवातीपासून सांगू लागतात. शास्त्रज्ञही रंगून उत्तर देतात, त्यातून दुसरा प्रश्न निघतो, मग तिसरा. मागे हात वर करून बसलेल्यांचे हात हळूहळू खाली येतात. शेवटी वेळ संपल्याचं जाहीर होतं, आभार होतात, चहा होतो.

हा लेख गटशेतीचं काम नव्याने करू लागलेल्या तरुणांसाठी आहे. माईक पहिल्यांदा हातात घेणारे कृषी सहायक आणि शेतकरी उत्पादक कंपनीत कार्यक्रम लावणारी मुलं-मुली यांनाही तो उपयोगी पडेल. उदाहरण एकच घेऊ, म्हणजे नीट आत शिरता येईल. मराठवाड्यातलं कपाशीचं गाव आहे आणि सप्टेंबरचा मधला आठवडा चालू आहे. जूनमध्ये लावलेली कपाशी 90 दिवसांची झाली आहे. मंदिराच्या सभामंडपात ऐंशीएक माणसं जमली आहेत, पाहुणे कीटकशास्त्रज्ञ आहेत आणि प्रश्नोत्तरांसाठी 40 मिनिटं ठेवली आहेत. पुढच्या रांगेत तात्या आहेत. ठिबकवर पाच एकर कापूस करणारे, अभ्यासू, गावात मान असलेले. तात्या वाईट माणूस नाहीत, हे आधी मनात पक्कं करा. त्यांना शिकायची ओढ आहे आणि विचारायची सवय आहे. आपलं काम त्यांना गप्प करण्याचं नाही, 40 मिनिटं ऐंशी जणांच्या उपयोगी पडतील असं बघण्याचं आहे.

आधी हिशेब मांडा

एक प्रश्न विचारायला अर्धं ते पाऊण मिनिट लागतं, उत्तराला दोन मिनिटं, आणि माईक इकडून तिकडे जाण्यात थोडा वेळ जातोच. म्हणजे एका प्रश्नामागे तीन मिनिटं धरा. शेवटची चार मिनिटं समारोपाला राखून ठेवली तर 36 मिनिटांत 12 प्रश्न होतात. तात्यांनी हकिगतीसह एक मोठा प्रश्न आणि त्यावर दोन उपप्रश्न विचारले की 15 मिनिटं सहज जातात. मग उरलेल्यांच्या वाट्याला सातच प्रश्न येतात. हा हिशेब कार्यक्रमाआधी कागदावर लिहून ठेवा आणि पाहुण्यांनाही दाखवा. पाहुण्यांना तो दाखवणं फार गरजेचं आहे, कारण बऱ्याचदा वेळ खाण्यात निम्मा वाटा त्यांचाच असतो. जाणकार शेतकरी समोर आला की तज्ज्ञालाही बोलायला हुरूप येतो, आणि नकळत ती दोघांची खाजगी चर्चा होऊन बसते. म्हणून आधीच ठरवून घ्या: ‘साहेब, उत्तर दोन मिनिटांचं. मी उभा राहिलो की शेवटचं वाक्य घ्या.’ खूण साधी असावी आणि ती प्रत्येक प्रश्नाला सारखी वापरावी. फक्त तात्यांच्या वेळी उभे राहिलात तर सगळ्या सभेच्या लक्षात येतं.

नियम मोठ्या माणसाच्या तोंडून सांगा

सूत्रसंचालक चोवीस वर्षांचा आणि तात्या साठीचे. तात्यांना मध्येच थांबवणं त्या मुलाला जड जाणार, आणि थांबवलं तरी ते उद्धटपणाचं दिसणार. यावर उपाय असा की नियम तुम्ही सांगायचाच नाही. भाषण सुरू व्हायच्या आधी, अजून कुणीच काही विचारलेलं नसताना, तो अध्यक्षांनी किंवा सरपंचांनी सांगायचा. तीनच गोष्टी सांगायच्या. एका वेळी एक प्रश्न. ज्याने अजून विचारलेलं नाही त्याला आधी संधी. माईक सूत्रसंचालकाच्या हातातच राहील. अध्यक्ष हे बोलले की पुढे तुम्हाला नियम करावा लागत नाही, ‘अध्यक्षांनी सांगितलंय’ एवढं म्हणून तो पाळायला लावता येतो. तात्या बोलायला लागल्यावर नियम काढला तर तो त्यांच्यासाठीच काढला असं दिसतं, आणि मग वाद नियमाचा राहत नाही, मानापमानाचा होतो.

तात्यांची सवय गावाला ठाऊक असेल तर कार्यक्रमाआधी त्यांना भेटून या. ‘तुमचे तीन-चार प्रश्न असतील. पहिला सभेत घेऊ. बाकीच्यासाठी साहेब जेवायला थांबणार आहेत, तुम्ही शेजारी बसा’ असं सांगा. पण हे सांगण्याआधी साहेब खरंच थांबणार आहेत ना, याची खात्री करा. शब्द देऊन साहेब निघून गेले तर पुढच्या वेळी तात्या तुमचं ऐकणार नाहीत.

चिठ्ठ्या: सगळ्यात भरवशाचं साधन

हात वर करायला धीर लागतो आणि तो सगळ्यांकडे नसतो. ज्यांचं रान दीड एकराचं आहे, जे दुसऱ्याच्या रानात मजुरीने फवारणी करतात, ज्या बायका मंडपाच्या कडेला बसल्या आहेत, त्यांच्याकडे प्रश्न नसतात असं नाही. ते ऐंशी माणसांसमोर उभं राहून विचारत नाहीत, एवढंच. म्हणून भाषण अर्धं झालं की कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. चिठ्ठीवर पीक आणि वाण, लागवडीची तारीख, कोरडवाहू की बागायती, आणि प्रश्न एका वाक्यात, एवढंच लिहून घ्या. खाली नाव आणि फोन, तेही ज्याची इच्छा असेल त्याने. लागवडीची तारीख लिहून घेतल्याने बराच वेळ वाचतो. नाहीतर तज्ज्ञ आधी ‘किती दिवसांची कपाशी?’ विचारतात आणि तिथूनच हकिगत सुरू होते.

ज्यांना लिहायला जमत नाही त्यांच्यासाठी दोन पोरं हिंडती ठेवा. बायकांच्या बाजूला बचत गटातली एखादी ताई बसवा. तिने शेजारी बसून प्रश्न विचारून लिहून घ्यायचे. इथे घाई करू नका. ‘आमचं काय एवढं’ म्हणून पहिल्यांदा नकार येतो, दुसऱ्यांदा विचारल्यावर प्रश्न निघतो.

भाषण संपायच्या पाच मिनिटं आधी चिठ्ठ्या गोळा करून एका कोपऱ्यात त्यांचे ढीग लावा. एकाच विषयाच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवा. ज्या विषयावर पाच-सहा चिठ्ठ्या आल्या तो प्रश्न सगळ्यात आधी. त्यानंतर लगेच जिवाशी संबंध असलेला प्रश्न. समजा एका मजुराची चिठ्ठी आली, ‘मालक दोन-तीन औषधं एकाच पंपात टाकायला लावतात, चालतं का?’ ही चिठ्ठी शेवटी ठेवायची नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. पंप पाठीवर घेणारा माणूस अशा सभांमध्ये मागच्या रांगेत असतो आणि बहुधा काही विचारत नाही. त्याची चिठ्ठी पहिल्या तीन प्रश्नांत आली पाहिजे, आणि वाचताना नाव घ्यायचं नाही. ‘मालक’ हा शब्दही गाळा. ‘दोन-तीन कीटकनाशकं एकत्र मिसळून फवारली तर काय होतं?’ असं वाचा. मालकही त्याच सभेत बसलेला असतो.

माईक देऊ नका, धरा

माईक एकदा समोरच्याच्या हातात गेला की तो परत मागावा लागतो, आणि मागणं हेच भांडणाचं मूळ ठरतं. म्हणून विचारणाऱ्याजवळ जाऊन माईक त्याच्या तोंडासमोर धरायचा, मूठ आपलीच ठेवायची. कुणी हात पुढे केला तर ‘मी धरतो, तुम्ही निवांत बोला’ म्हणायचं. पाहुण्यांसाठी वेगळा माईक हवा. तो नसेल तर प्रत्येक उत्तरासाठी तुमचा माईक मंचावर जाईल आणि तेवढ्यात खाली बिनमाईकची चर्चा सुरू होईल.

तात्यांचा प्रश्न: प्रत्यक्ष कसं घडतं

तात्या बोलायला लागतात. ‘मी तीस वर्षं कापूस करतोय. औंदा पाच एकर, ठिबकवर. पहिली फवारणी केली तेव्हा मावा होता, तुडतुडे होते. मग दुकानदार म्हणाला हे घ्या, ते मारलं. परवा बघतो तर डोमकळ्या, म्हणजे फुलांत गुलाबी बोंडअळी शिरलीय. आता शेजाऱ्यानं काहीच केलेलं नाही, त्याची अळी माझ्याकडं येणार, आणि दुसरं म्हणजे...’

थांबवायची जागा ‘आणि दुसरं म्हणजे’ इथे आहे. त्याच्या आधी नाही, कारण आधी थांबवलं तर प्रश्न काय आहे ते तुम्हालाच कळलेलं नसतं. त्याच्या नंतरही नाही, कारण दुसरी हकिगत सुरू झाली की ती संपेपर्यंत थांबावं लागतं. माईक आपल्याकडे घेत म्हणा, ‘तात्या, एक मिनिट. 90 दिवसांच्या कपाशीत डोमकळ्या दिसल्यात, दोन फवारण्या झाल्यात, आणि आता तिसरी घ्यायची का, असं तुम्हाला विचारायचंय. बरोबर?’

तात्या ‘हो’ म्हणतात. हा ‘हो’ मिळवण्यासाठीच सगळी धडपड असते. त्यांचा प्रश्न तुम्ही नेमका पकडलात, म्हणजे त्यांचा मान राहिला. आता लगेच मंचाकडे वळा: ‘साहेब, तिसरी फवारणी घ्यायची की नाही, हे शेतकऱ्यानं कसं ठरवावं?’ प्रश्न किती बदलला ते बघा. तात्यांच्या पाच एकरांवरून तो प्रत्येकाच्या रानावर आला. शास्त्रज्ञ आता तात्यांच्या दुकानदाराविषयी बोलणार नाहीत, ओळखायची पद्धत सांगतील: कामगंध सापळे लावा, सापळ्यात रोज सरासरी आठ पतंग सलग तीन दिवस सापडले तर फवारणीची वेळ आली. किंवा रानात तिरपं फिरून 20 हिरवी बोंडं तोडा आणि फोडून बघा, दोन बोंडांत अळी निघाली म्हणजे प्रादुर्भाव 10 टक्के झाला, आता थांबू नका. हे घरी जाऊन सगळ्यांना करता येतं.

प्रश्न पुन्हा सांगताना त्यातलं काही वगळलं किंवा चुकवलं तर तात्या ‘तसं नाही’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील, आणि ते रास्तच असेल. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी विषयाचे नेहमीचे शब्द माहीत करून घ्या. डोमकळी म्हणजे काय, पातेगळ कशाने होते, लाल्या कधी येतो, एवढं सूत्रसंचालकाला समजलं पाहिजे. ज्याला विषय कळत नाही त्याला लांबलेलं बोलणं एका वाक्यात आणता येत नाही, मग तो नुसतं ‘थोडक्यात बोला, थोडक्यात बोला’ म्हणत राहतो. त्याने माणूस थोडक्यात बोलत नाही, चिडतो.

उत्तर संपतं आणि तात्या पुन्हा उठतात: ‘ते ठीक आहे साहेब, पण आमच्याकडं...’ आता तुम्हाला एक निर्णय घ्यायचा आहे. हा उपप्रश्न तात्यांचा आहे की गावाचा? सभेलाच विचारा: ‘डोमकळ्या आणखी कुणाच्या रानात दिसल्यात? हात वर करा.’ दोन-तीनच हात आले तर तात्यांना सांगायचं की हे आपण जेवताना साहेबांशी बोलू, आणि पुढच्या प्रश्नाकडे जायचं. पंचवीस-तीस हात आले तर विषय सोडायचा नाही, बोलणारा बदलायचा. हात वर केलेल्यांपैकी मागच्या बाजूच्या एकाकडे जा: ‘दादा, तुमच्याकडे कोरडवाहू आहे ना? तुमच्याकडे कसं आहे?’ विषय तोच राहिल्यामुळे तात्यांना आपल्याला डावललं असं वाटत नाही, आणि माईक मात्र कोरडवाहू शेतकऱ्याकडे गेलेला असतो. नवशिक्यांनी एकच गोष्ट सरावाने आणायची तर ती ही.

उलटही होतं, ते सांगायला हवं. कधीकधी सारखं बोलणाऱ्या माणसाचाच प्रश्न सगळ्यात तातडीचा असतो. एकाच वाणाचं बियाणं दहा जणांकडे उगवलंच नाही, आणि ते बोलायचं धाडस फक्त तात्यांनी केलं, असं असू शकतं. हात वर करायला सांगितल्यावर ते लगेच कळतं. तेव्हा 12 प्रश्नांचा हिशेब बाजूला ठेवा आणि त्या विषयाला दहा मिनिटं द्या. मात्र तक्रारीची सोडवणूक मंचावरून होत नाही, हेही स्पष्ट सांगा. बियाण्याची पिशवी, लेबल आणि पावती घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करायची, एवढं सांगून नावं लिहून घ्या आणि पुढे चला. कीटकशास्त्रज्ञाला बियाणे कंपनीच्या वादात ओढलं की उरलेला वेळ गेलाच म्हणून समजा.

दुसऱ्याच्या प्रश्नाला तात्याच उत्तर देतात तेव्हा

हे जास्त नाजूक आहे. एका पोराने विचारलं, ‘पानं लाल पडायला लागलीत, काय करू?’ आणि साहेबांनी तोंड उघडायच्या आत तात्या जागेवरूनच म्हणाले, ‘अरे, मॅग्नेशियम मार.’ सल्ला बरोबरही असेल. पण त्या पोराचं रान हलकं आहे का, पाण्याचा ताण पडलाय का, तुडतुडे आहेत का, हे न विचारता दिलेला सल्ला सभेत पक्का होऊन बसतो. शिवाय पुढचा विचारणारा बिचकतो, कारण आता त्याला तात्यांसमोरही परीक्षा द्यावी लागणार. इथे मंचावरून आवाज चढवू नका. चालत तात्यांजवळ जाऊन उभे राहा आणि साध्या आवाजात सांगा, ‘तात्या, तुमचा अनुभव शेवटी दोन मिनिटं घेणारच आहे. आधी साहेब काय म्हणतात ते ऐकू.’ मग तिथेच उभे राहून साहेबांचं उत्तर ऐका. जवळ उभं राहिलेल्या माणसासमोर जागेवरून ओरडून बोलणं अवघड जातं. शेवटी ती दोन मिनिटं न चुकता द्या, घड्याळ लावून. तात्यांचा तीस वर्षांचा अनुभव खरा आहे आणि गावाला तो हवाही आहे.

तरीही आवाज चढला, ‘मग आम्हाला बोलावलंत कशाला’ असं झालं, तर माईकवर उत्तर देऊ नका. माईकवर दिलेलं उत्तर ऐंशी जण ऐकतात आणि मग माघार कुणालाच घेता येत नाही. अध्यक्षांकडे बघा, त्यांना दोन शब्द बोलू द्या, आणि तेवढ्यात पुढची चिठ्ठी वाचायला घ्या. तात्यांवर विनोद करून हशा मिळवायचा मोह होतो, तो तर कटाक्षाने टाळा. उद्या सोसायटीत, बाजारात, लग्नात तेच भेटणार आहेत.

तात्या बसले आणि कुणीच विचारत नाही

बऱ्याच नवख्यांचा धीर इथे सुटतो. ‘आता दुसरं कुणीतरी विचारा’ म्हटल्यावर सभा गप्प होते, दोन-चार क्षण जड जातात, आणि मग ‘बरं तात्या, तुम्हीच विचारा’ असं होतं. तसं करू नका. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. तरी हात आला नाही तर चिठ्ठी वाचा, आणि ती वाचून झाल्यावर त्याच विषयावर मागच्या बाजूला विचारा. ‘प्रश्न आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘तुमच्याकडे किती फवारण्या झाल्या?’ असं विचारलं तर माणूस बोलतो, आणि बोलता बोलता त्याचा प्रश्न बाहेर पडतो.

माणसं दोनशेच्या वर असतील तर हात वर करण्याची पद्धत सोडून फक्त चिठ्ठ्यांवर चाला. पाहुणा पुढारी असेल तर यातलं फारसं काही चालत नाही. तिथे विचारणारे आणि क्रम आधीच ठरलेले असतात.

मंडप रिकामा झाल्यावर

बारा प्रश्न झाले तरी वीस-पंचवीस चिठ्ठ्या उरतातच. त्या साहेबांच्या हातात देऊ नका, त्यांच्या गाडीत राहून जातील. तुम्हीच फोटो काढून ठेवा, सारखे प्रश्न एकत्र करा आणि साहेब जेवायला बसायच्या आधी त्यांच्याकडून एकेका प्रश्नाचं उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, प्रत्येकी एक मिनिट. ते आवाज गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, प्रत्येकाच्या आधी प्रश्न लिहून. ज्यांनी फोन नंबर दिला पण ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना तुम्ही फोन लावून उत्तर सांगा. हे दोन दिवसांच्या आत झालं पाहिजे, कारण 90 दिवसांच्या कपाशीतली अळी पुढच्या मेळाव्यापर्यंत थांबत नाही. आणि तात्यांना साहेबांच्या शेजारच्या पाटावर बसवायला विसरू नका, उरलेले तीन प्रश्न ते घेऊनच येणार आहेत.